दिवसभर उभं राहून पाय भरून येतात? शिरांपेक्षा घोट्याजवळच्या कातडीकडे आधी बघा

ठाकुर्ली : सकाळी ठाकुर्ली स्टेशनवरून लोकल पकडायची, दादरपर्यंत उभ्याने प्रवास करायचा, मग कापडाच्या दुकानात काउंटरमागे नऊ-दहा तास उभं राहायचं आणि संध्याकाळी पुन्हा उभ्यानेच घरी यायचं. या पट्ट्यात अशी माणसं घरोघरी आहेत. नवीन टॉवरचे वॉचमन, न्हावी, इस्त्रीवाले, पोळी-भाजी केंद्रातल्या बायका, शाळेतले मास्तर, सगळ्यांचं काम उभ्याचंच. संध्याकाळी पाय जड होतात, पोटऱ्या ओढतात, चप्पल घट्ट होते आणि पोटरीवर हिरव्या-निळ्या शिरा दोरीसारख्या वर येतात. डॉक्टर याला व्हेरिकोज व्हेन्स म्हणतात.

शिरा फुगतात कशाने?

पायातलं रक्त वर हृदयाकडे नेणाऱ्या शिरांना आतून छोट्या झडपा असतात. विहिरीच्या पंपाला फूट व्हॉल्व्ह असतो, तसंच त्यांचं काम. वर गेलेलं रक्त त्या खाली येऊ देत नाहीत. पंपाचं काम पोटरीचा स्नायू करतो. माणूस चालला की पोटरी आवळते आणि रक्त वर ढकललं जातं. नुसतं एका जागी उभं राहिलं की पंप बंद, आणि सगळा दाब घोट्यावर येतो. झडपा सैल पडल्या की रक्त उलटं खाली उतरतं आणि शीर फुगून वेडीवाकडी होते. घरात आई-वडिलांना हा त्रास असेल, बाळंतपणं झाली असतील किंवा वजन जास्त असेल तर धोका वाढतो. शेतात दिवसभर चालणाऱ्यापेक्षा काउंटरमागे उभा राहणारा जास्त त्रासतो, त्याचं कारण हेच.

पाय वर ठेवायचे म्हणजे किती?

समोरच्या स्टुलावर पाय ठेवून टीव्ही बघितला की झालं, असं बऱ्याच जणांना वाटतं. त्याने थोडा आराम पडतो, पण सूज फारशी उतरत नाही. पाय छातीच्या पातळीच्या वर जायला हवेत. सतरंजीवर आडवं व्हावं, पोटरी आणि टाचेखाली दोन-तीन उशा किंवा घडी घातलेली गोधडी घ्यावी आणि गुडघा किंचित वाकलेला ठेवावा. असं 15 ते 20 मिनिटं, दिवसातून तीन वेळा करावं. कामावर ते जमत नाही. तिथे दर अर्ध्या तासाने टाचा 15-20 वेळा वर-खाली कराव्यात आणि गिऱ्हाईक नसेल तेव्हा बसून घ्यावं. लोकलमध्ये उभ्या उभ्या टाचा हलवल्या तरी पंप चालू राहतो.

मोजे घेताना माप महत्त्वाचं

मेडिकलमध्ये मिळणारे दाबाचे स्टॉकिंग घोट्याला जास्त आणि वर कमी आवळतात. त्यामुळे नुसता घट्ट मोजा किंवा गुंडाळलेली पट्टी ते काम करत नाही. बहुतेकांना गुडघ्याखालपर्यंतचा मोजा पुरतो. माप सकाळी, सूज नसताना घ्यावं. घोट्याची सगळ्यात बारीक जागा, पोटरीची सगळ्यात जाड जागा आणि टाचेपासून गुडघ्याच्या खालपर्यंतची उंची, अशी तीन मापं लागतात. दोन्ही पाय वेगवेगळे मोजावेत. दाब किती हवा ते डॉक्टरांनी लिहून द्यावं.

मोजा सकाळी अंथरुणातून उठल्याबरोबर, पाय खाली सोडण्याआधी चढवावा आणि रात्री झोपताना काढावा. वरची कड दुमडू नये. दुमडलेली कड दोरी बांधल्यासारखी रुतते आणि रक्त अडकवते. हाताने धुऊन सावलीत वाळवावा. रोज वापरला तर चार ते सहा महिन्यांत मोजा सैल होतो, मग बदलावा लागतो. मोज्याने सूज आणि जडपणा कमी होतो, पण बिघडलेली झडप दुरुस्त होत नाही.

एक गोष्ट मात्र आधी बघायलाच हवी. तळपाय गार पडतो, थोडं चाललं की पोटरी धरते आणि थांबलं की सुटते, अशी तक्रार असेल तर पायाला शुद्ध रक्तच कमी पोचत असू शकतं. तंबाखू-बिडी ओढणाऱ्यांत आणि शुगरच्या रुग्णांत हे जास्त आढळतं. अशा पायाला घट्ट मोजा घातला तर बोटं काळी पडण्यापर्यंत वेळ येऊ शकते. म्हणून डॉक्टरांनी पायाची नाडी तपासल्याशिवाय मोजा घेऊ नये. दोन्ही पायांना सूज आणि सोबत दम लागत असेल तर हृदय, किडनी किंवा लिव्हरची तपासणी आधी.

नायटा समजून मलम, आणि वर्ष वाया

समजा, दादरच्या दुकानात काम करणाऱ्या एका पंचेचाळिशीतल्या ताईंच्या डाव्या पायाला पाच वर्षांपासून शिरा आहेत. घोट्याच्या आतल्या बाजूला, हाडाच्या थोडं वर, खाज सुटायला लागली. कातडी कोरडी झाली आणि पापुद्रे निघाले. त्यांनी नायटा समजून मेडिकलमधून ट्यूब आणली. अशा बऱ्याच ट्यूबमध्ये स्टेरॉइड असतं. खाज चार दिवस थांबते, पण कातडी पातळ होते. वर्षभरात ती जागा तपकिरी-काळसर झाली, मग दाबली तर लाकडासारखी कडक लागू लागली. एक दिवस बादलीची कड लागून खरचटलं आणि ती जखम महिना झाला तरी भरेना.

इथे चूक ओळखता आली असती. नायट्याची कड गोल असते, ती बाहेर पसरत जाते आणि नायटा मांडीत, कमरेलाही येतो. शिरांची खाज घोट्याभोवतीच राहते, वर फुगलेली शीर असते आणि संध्याकाळी सूज येते. काळसर डाग म्हणजे शिरेतून झिरपलेल्या रक्तातलं लोह कातडीत साठलेलं असतं. तो साबणाने घासून जात नाही.

अशा ताईंना कलर डॉपलर सोनोग्राफी लागते. त्यात कोणती झडप गळते ते दिसतं. मग जखमेवर ड्रेसिंग आणि नाडी ठीक असेल तर दाबाची पट्टी. शीर लेझरने बंद करायची, इंजेक्शनने की ऑपरेशन करायचं, ते सर्जन ठरवतात. नुसतं मलम लावून जखम भरली तरी शिरेचा दाब तसाच राहिला तर ती पुन्हा उघडते.

कधी थांबायचं नाही

घोट्याजवळ खाज, काळसर डाग, पांढरे चट्टे किंवा कडक कातडी दिसली की दुखत नसलं तरी डॉक्टरांना दाखवावं. जखम दोन आठवड्यांत भरली नाही तर हळद, चुना, पाला लावत बसू नये. डोंबिवलीचं शास्त्रीनगर रुग्णालय किंवा कल्याणचं रुक्मिणीबाई रुग्णालय इथे आधी दाखवता येईल. पुढची तपासणी कुठे करायची ते तिथे विचारावं.

फुगलेली शीर फुटून रक्त वाहू लागलं तर लगेच आडवं व्हावं, पाय उंच धरावा आणि स्वच्छ फडक्याने त्या जागी सलग 10 मिनिटं दाबून ठेवावं. मधे उघडून बघू नये, वर दोरी आवळू नये. रक्त थांबलं नाही तर 108 ला फोन करावा. थांबलं तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावं.

एकच पाय अचानक सुजला, गरम लागला आणि पोटरी दुखू लागली तर आत गुठळी झालेली असू शकते. अशा वेळी पाय चोळू नये, तेल लावून मालिश करू नये. त्याच दिवशी दवाखाना गाठावा. सोबत दम लागला किंवा छातीत दुखलं तर क्षणभरही थांबू नये.

रोज आंघोळीनंतर दोन्ही घोट्यांची आतली बाजू उजेडात बघावी. शिरा वर्षानुवर्षं तशाच राहू शकतात, पण कातडीचा रंग बदलला की थांबण्याची वेळ संपलेली असते.