ॲरेचे चक्रीय परिवलन (तीनदा उलटवण्याची पद्धत)

ॲरेचे चक्रीय परिवलन म्हणजे ॲरेमधील प्रत्येक घटक ठरावीक k स्थाने पुढे सरकवणे आणि शेवटून बाहेर पडणारे घटक त्याच क्रमाने सुरुवातीस आणून ठेवणे. तीनदा उलटवण्याची पद्धत हा त्यासाठीचा एक अल्गोरिदम आहे. त्यात प्रथम संपूर्ण ॲरे उलट क्रमाने मांडला जातो, नंतर त्याचे पहिले k घटक आणि शेवटी उरलेले घटक स्वतंत्रपणे उलटवले जातात. सर्व काम मूळ ॲरेच्या जागेतच होते. दुसऱ्या ॲरेची गरज नसते, त्यामुळे ॲरे कितीही मोठा असला तरी अतिरिक्त मेमरी एखाद-दुसऱ्या चलापुरतीच लागते.

## उदाहरण

आठवड्याच्या वारांचा सात घटकांचा ॲरे घेऊ. त्यातील निर्देशांक ० ते ६ असे आहेत. हा ॲरे उजवीकडे ३ स्थानांनी फिरवायचा आहे, म्हणजेच n = ७ आणि k = ३.

| पायरी | ॲरेची स्थिती |
|---|---|
| मूळ ॲरे | रवि, सोम, मंगळ, बुध, गुरु, शुक्र, शनि |
| १. संपूर्ण ॲरे उलटवल्यावर | शनि, शुक्र, गुरु, बुध, मंगळ, सोम, रवि |
| २. पहिले ३ घटक उलटवल्यावर | गुरु, शुक्र, शनि, बुध, मंगळ, सोम, रवि |
| ३. उरलेले ४ घटक उलटवल्यावर | गुरु, शुक्र, शनि, रवि, सोम, मंगळ, बुध |

शेवटचे तीन वार सुरुवातीस आले आणि वारांचा चक्रीय क्रम कायम राहिला. शनिवारनंतर रविवारच येतो. उत्तर पडताळताना हीच खूण उपयोगी पडते. एखादी पायरी राहून गेल्यास ॲरेच्या काही भागात वार उलट्या क्रमाने दिसतात, जसे ते वरील दुसऱ्या पायरीअखेर दिसतात.

## पद्धत बरोबर का ठरते

ॲरे हा दोन भागांचा बनलेला आहे असे मानू. पहिला भाग A हा n − k घटकांचा आणि दुसरा भाग B हा k घटकांचा. आपल्याला AB चे BA करायचे आहे. संपूर्ण ॲरे उलटवताच B पुढे येतो आणि A मागे जातो, म्हणजे दोन्ही भाग आपापल्या जागी पोहोचतात. मात्र त्यांचा अंतर्गत क्रम उलटा झालेला असतो. पुढील दोन पायऱ्या प्रत्येक भागाचा अंतर्गत क्रम पुन्हा सुलट करतात.

निर्देशांकांच्या साहाय्याने हेच काटेकोरपणे दाखवता येते. निर्देशांक i वरील घटक पहिल्या पायरीनंतर n − 1 − i या स्थानी जातो. तो A मधील असल्यास तिसरी पायरी त्याला i + k या स्थानी नेते. तो B मधील असल्यास दुसरी पायरी त्याला i + k − n या स्थानी आणते. दोन्ही बाबतींत अंतिम स्थान म्हणजे i + k ला n ने भागल्यावर उरणारी बाकी होय, आणि परिवलनाची व्याख्याही तीच आहे.

## k हा लांबीपेक्षा मोठा असल्यास

n घटकांचा ॲरे n स्थानांनी फिरवला तर प्रत्येक घटक मूळ जागी परत येतो. त्यामुळे पूर्ण फेऱ्या वगळून केवळ k ला n ने भागल्यावर उरणारी बाकी विचारात घ्यावी लागते. वारांच्या ॲरेमध्ये k = १७ असेल तर दोन पूर्ण फेऱ्यांत १४ स्थाने संपतात आणि ३ उरतात. म्हणून उत्तर वरील तक्त्यातीलच येते. आजपासून १७ दिवसांनी कोणता वार येईल, हे काढण्याचा हिशेबही असाच असतो.

बाकी काढण्याची ही पायरी गाळल्यास दुसऱ्या पायरीत ० ते १६ या निर्देशांकांमधील घटक उलटवण्याचा प्रयत्न होतो. ॲरेचा शेवटचा निर्देशांक मात्र ६ आहे. जावा किंवा पायथॉनमध्ये अशा वेळी प्रोग्रॅम त्रुटी दाखवून थांबतो. सी भाषेत ही तपासणी होत नसल्यामुळे ॲरेबाहेरील मेमरी बिघडू शकते आणि चूक दुसऱ्याच ठिकाणी उघड होते.

## पायथॉनमधील आज्ञावली

```python
def reverse(a, i, j):
    while i < j:
        a[i], a[j] = a[j], a[i]
        i += 1
        j -= 1

def rotate(a, k):
    n = len(a)
    if n == 0:
        return
    k = k % n
    reverse(a, 0, n - 1)
    reverse(a, 0, k - 1)
    reverse(a, k, n - 1)
```

रिकाम्या ॲरेची तपासणी आधी करणे आवश्यक आहे, कारण तेथे n शून्य असतो आणि शून्याने भागता येत नाही. k ची बाकी शून्य आल्यास दुसरी पायरी काहीच करत नाही. पहिली आणि तिसरी पायरी संपूर्ण ॲरे दोनदा उलटवतात, त्यामुळे तो मूळ स्थितीत परततो. उत्तर बरोबरच येते, परंतु श्रम वाया जातात. ते टाळण्यासाठी अशा वेळी फंक्शनमधून लगेच परतता येते.

## दिशा आणि ऋण k

डावीकडे k स्थानांनी फिरवणे म्हणजे उजवीकडे n − k स्थानांनी फिरवणे. पायऱ्यांचा क्रम बदलूनही दिशा बदलता येते. आधी पहिले k घटक, मग उरलेले घटक आणि सर्वांत शेवटी संपूर्ण ॲरे उलटवला तर परिवलन डावीकडे होते. वरील उदाहरणात तसे केल्यास उत्तर बुधवारपासून सुरू होईल. हे दोन क्रम एकमेकांत मिसळल्यास कोणतीही त्रुटी दिसत नाही आणि वारही क्रमवार दिसतात, केवळ सुरुवात चुकीच्या जागेवरून होते. दिशेची चाचणी घेताना k हा n च्या निम्मा असू नये, कारण तेव्हा दोन्ही दिशांचे उत्तर एकच येते.

k ऋण असल्यास पायथॉनमध्ये `-2 % 7` चे उत्तर ५ येते आणि वरील आज्ञावली डावीकडे २ स्थानांनी फिरवते. सी आणि जावामध्ये त्याच क्रियेचे उत्तर −२ येते. त्या भाषांत `((k % n) + n) % n` असे लिहावे लागते.

## लागणारा वेळ

पहिल्या पायरीत सुमारे n/2 अदलाबदली होतात आणि पुढील दोन पायऱ्यांत मिळून तितक्याच. एकूण संख्या n पेक्षा अधिक कधीच होत नाही. वारांच्या उदाहरणात ती ३ + १ + २ = ६ आहे. प्रत्येक घटक थेट अंतिम स्थानी नेणारी चक्रांची पद्धतही उपलब्ध आहे. तीत घटक कमी वेळा हलतात, परंतु ती मेमरीत k स्थानांच्या उड्या मारत जाते. मोठ्या ॲरेवर अशा उड्यांमुळे कॅशेचा लाभ कमी मिळतो. उलटवण्याची पद्धत मात्र लगतच्या जागांवरून क्रमाने सरकते.

## इतिहास आणि वापर

जॉन बेंटली यांच्या 'प्रोग्रॅमिंग पर्ल्स' (१९८६) या पुस्तकामुळे ही पद्धत सर्वपरिचित झाली. बेंटली यांच्या नोंदीनुसार केन टॉम्पसन यांनी १९७१ मध्ये एका टेक्स्ट एडिटरमध्ये ती वापरली होती आणि तेव्हाही ती प्रोग्रॅमरांमध्ये तोंडोतोंडी प्रचलित होती. एडिटरमध्ये काही ओळी उचलून दुसरीकडे नेणे म्हणजे लगतच्या दोन भागांची अदलाबदल, अर्थात परिवलनच होय. ब्रायन कर्निगन आणि पी. जे. प्लॉगर यांनीही 'सॉफ्टवेअर टूल्स इन पास्कल' (१९८१) मधील एडिटरमध्ये ओळी हलवण्यासाठी हीच पद्धत योजली.

जावामधील `Collections.rotate` हे फंक्शन मोठ्या जोडयादीसाठी, म्हणजे जिच्या मधल्या घटकापर्यंत थेट पोहोचता येत नाही अशा यादीसाठी, याच पद्धतीचा अवलंब करते. त्यात आधी दोन भाग आणि मग संपूर्ण यादी उलटवली जाते. या फंक्शनला ऋण किंवा यादीच्या लांबीपेक्षा मोठे अंतरही देता येते.