विद्यार्थी व्हिसावरील अर्धवेळ काम (ब्रिटन)

विद्यार्थी व्हिसावर पदवी किंवा त्यापुढचे शिक्षण घेणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याला ब्रिटनमध्ये सहसा सत्रकाळात आठवड्याला जास्तीत जास्त २० तास काम करता येते. काम निवडताना बहुतेकांची नजर तासाच्या दरावर असते, पण दराने फारसा फरक पडत नाही. एप्रिल २०२५ पासून २१ वर्षे पूर्ण झालेल्या कामगाराचे किमान वेतन तासाला १२.२१ पौंड होते, म्हणजे पूर्ण २० तासांचे सुमारे २४४ पौंड. एखाद्या उपाहारगृहाने तासाला अर्धा पौंड जास्त दिला, तरी आठवड्याला १० पौंडच वाढतात. मर्यादा ओलांडल्यास मात्र व्हिसा रद्द होऊ शकतो. म्हणून खरा निकष हा, की पैसे कोण देतो आणि तास कोण मोजतो.

या निकषावर विद्यापीठातली कामे, म्हणजे ग्रंथालयातील मदतनीस, प्रवेशोत्सुकांना परिसर दाखवणारा विद्यार्थी किंवा विद्यार्थी संघाच्या दुकानातला विक्रेता, सर्वांत सुरक्षित ठरतात, कारण कामावर ठेवणाऱ्याला नियम आधीच ठाऊक असतो. सुपरमार्केट, कॅफे, वृद्धाश्रम येथील कामेही चालतात. मात्र तिथे आठवड्याचा हिशेब स्वतः ठेवावा लागतो. आठवडा सोमवारी सुरू होऊन रविवारी संपतो आणि सरासरी धरत नाहीत. समजा, एकजण ग्रंथालयात १२ तास आणि कॅफेत ८ तास काम करतो. शनिवारी सहकारी आजारी पडला म्हणून त्याने कॅफेत ६ तास जादा केले आणि पुढच्या आठवड्यात १४ तासच केले. दोन्ही मालकांच्या वहीत काही वावगे दिसत नाही, तरी पहिल्या आठवड्याचे २६ तास झाले आणि नियम मोडला. बिनपगारी कामाचे तासही यात धरतात.

यावर आक्षेप असा, की घरोघर जेवण पोचवण्यात किंवा भारतातल्या ग्राहकासाठी घरबसल्या संकेतस्थळे बनवण्यात वेळ आपल्या हातात असतो, मग तेच का करू नये? कारण अशा कामांत बहुधा माणूस नोकर नसून स्वतंत्र व्यावसायिक ठरतो, आणि या व्हिसावर स्वयंरोजगाराला मुळातच मनाई आहे. दोन तास केला तरी तो भंगच. ग्राहक पुण्याचा असला म्हणून सूट मिळत नाही. दुसरा युक्तिवाद सुट्टीचा. सुट्टीत पूर्णवेळ काम करता येते हे खरे, पण एक वर्षाच्या मास्टर्सला आलेल्यांची इथेच फसगत होते: उन्हाळ्यात वर्ग नसले तरी प्रबंधलेखन चालू असते आणि तो काळ सहसा सत्रकाळच गणला जातो. सुट्टीच्या तारखा विद्यापीठ ठरवते. त्या लेखी मागून घ्याव्यात, मालकाच्या तोंडी हमीवर विसंबू नये.