गुरांचा बाजार ते कृष्णा जिल्ह्याच्या बसगाड्या: एका नियमाची कुळकथा

‘ज्याने ऐकले, त्यानेच निकाल द्यावा.’ सरकारी सुनावणीला गेलेल्या कोणत्याही वकिलाला हा नियम पाठ असतो. आपल्याकडे त्याचा उगम १९५८ साली सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या गुल्लापल्ली नागेश्वर राव खटल्याच्या निकालात दाखवला जातो. त्याचा थोरला भाऊ मला सापडला तो अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीच्या गुरांच्या बाजारात, आणि तिथे हाच नियम उलट्या बाजूने मांडलेला होता. या उलटापालटीत सगळी गोम आहे, असे माझे ठाम मत आहे.

कॅन्सस सिटीत अडते शेतकऱ्यांची गुरे विकून द्यायचे आणि त्याबद्दल अडत घ्यायचे. १९२१च्या कायद्याने या अडतीचा कमाल दर ठरवायचा अधिकार कृषिमंत्र्याला मिळाला, पण ‘पूर्ण सुनावणी’नंतरच. सुनावणी लांबली. साक्षींची नोंदच दहा हजार पानांच्या वर गेली. तोंडी युक्तिवाद ऐकले ते प्रभारी मंत्री म्हणून बसलेल्या रेक्सफर्ड टगवेल यांनी. १९३३ साली आदेशावर सही केली ती मंत्री हेन्री वॉलेस यांनी. अडत्यांनी सुमारे पन्नास दावे लावले. मंत्र्याने पुरावा ऐकला नाही, वाचलाही नाही, खात्यातल्या माणसांशी बोलून दर ठरवले, अशी त्यांची तक्रार होती.

१९३६ साली सरन्यायाधीश ह्यूज यांनी मॉर्गन खटल्यात सांगितले की जो निर्णय देणार, त्याने ऐकलेच पाहिजे. पण ‘ऐकणे’ म्हणजे त्या खोलीत बसणे, असा अर्थ त्यांनी घेतला नाही. साक्षी दुसऱ्याने नोंदवाव्यात, हाताखालच्यांनी त्या चाळून मुद्दे काढावेत, हे चालेल. मात्र निर्णय देणाऱ्याने पुरावा आणि युक्तिवाद स्वतः विचारात घेतलेला असला पाहिजे.

मग वॉलेस यांची साक्ष झाली. बाडे टेबलावर ठेवली होती, अधूनमधून चाळून कल पाहिला, पक्षकारांची टिपणे आणि युक्तिवादाची नोंद वाचली, असे त्यांनी सांगितले. १९३८ साली न्यायालयाने आदेश रद्द केला, पण मंत्र्याने किती पाने वाचली यावरून नव्हे. निष्कर्षांचा मसुदा खात्याच्या पशुउद्योग विभागाने केला होता. याच विभागाच्या माणसांनी सुनावणीत अडत्यांच्या विरुद्ध बाजू चालवली होती. मसुदा अडत्यांना दाखवला नाही आणि मंत्र्याने दरांत थोडे फेरफार करून त्यावर सही केली. दोष होता तो या लपलेल्या अहवालात. पुढे १९४१ साली न्यायमूर्ती फ्रँकफर्टर यांनी बजावले की मंत्र्याला साक्षीला बोलावून त्याच्या मनाची झडती घेणेच चूक होते. न्यायाधीशाची कुणी तशी घेत नाही. नियम उरला, पण तो मोडला हे सिद्ध करायची सरळ वाट बंद झाली.

आता कृष्णा जिल्ह्याकडे येऊ. आंध्र प्रदेशच्या परिवहन महामंडळाने तिथल्या खासगी बसमार्गांचा ताबा घ्यायची योजना आखली. १९३९च्या मोटार वाहन कायद्यानुसार बसमालकांच्या हरकती ऐकून राज्य सरकारने निर्णय द्यायचा होता. हरकती ऐकल्या परिवहन सांभाळणाऱ्या गृहखात्याच्या सचिवाने. योजना मंजूर केली मुख्यमंत्र्यांनी. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी बहुमताचा निकाल लिहिला आणि मंजुरी रद्द केली. दोन न्यायाधीश मात्र विरोधात होते.

निकालात दोष दोन सांगितले आहेत. पहिला, ज्या खात्याचा या वादात हितसंबंध, त्याचाच सचिव पंच झाला. दुसरा, ऐकणारा एक आणि ठरवणारा दुसरा, म्हणजे सुनावणी नावापुरती उरली. समोरासमोरच्या सुनावणीत अधिकाऱ्याला साक्षीदाराचा नूर दिसतो, शंका तिथल्या तिथे विचारता येते आणि पक्षकाराला आपली बाजू पटवून देता येते, असे कारण सुब्बा राव यांनी दिले.

अमेरिकेत बंधन आहे ते ठरवणाऱ्यावर: त्याने ऐकलेले असावे, मग मदतनीस कितीही असोत. आपल्याकडे साखळीच तोडायला मनाई झाली: ऐकण्याचे आणि ठरवण्याचे काम दोघांत वाटूच नये. धाकटा भाऊ थोरल्यापेक्षा कडक का निघाला?

माझा तर्क असा की गुल्लापल्लीत दोन दोष एकाच माणसात मिसळले होते. ऐकणारा सचिव तटस्थ नव्हता, म्हणून त्याचा अहवाल मुख्यमंत्र्यांपर्यंत निर्मळ पोचेल यावर न्यायालयाचा भरवसा नव्हता. कॅन्सस सिटीतही नेमके हेच बिघडले होते. पुढच्या वाचकांनी पहिला दोष सोडला आणि दुसऱ्याचे सुभाषित केले. यावर आक्षेप असा की निकालात दोन्ही कारणे वेगवेगळी मांडली आहेत. ते खरे आहे. पण साक्षीदाराचा नूर बघण्याचे कारण बसमार्गांच्या हरकतींना फारसे लागत नाही, कारण तिथला वाद मुख्यतः योजनेच्या युक्तायुक्ततेचा होता.

इंग्लंडचे आर्लिज प्रकरण हे या नियमाचे खरे कूळ, असे म्हणणारेही आहेत. मला ते पटत नाही. हॅम्पस्टेडमधले एक घर राहण्यास अयोग्य ठरवल्यावर मालकाने सरकारी मंडळाकडे अपील केले. चौकशी निरीक्षकाने केली, निर्णय मंडळाने दिला, निरीक्षकाचा अहवाल मालकाला दाखवला नाही. हाउस ऑफ लॉर्ड्सने हे सारे मान्य केले. हे या नियमाचे कूळ नव्हे, भाऊबंदकीतला प्रतिवादी आहे: कार्यालय हेच एक मन, असे मानणारा.

गुल्लापल्ली आणि आर्लिज यांच्यामधली वाट न्यूझीलंडच्या जेफ्स खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने दाखवली. दुग्ध मंडळाने आपल्याच सदस्यांच्या समितीला सुनावणी घ्यायला लावले. समितीने शिफारशी दिल्या, पण कोण काय म्हणाले ते अहवालात नव्हते आणि मंडळाने विचारलेही नाही. निर्णय रद्द झाला. पुरावा पुरेसा कळवला असता तर चालले असते, असेही न्यायालयाने सूचित केले. माझ्या मते खरी कसोटी हीच: सही करणाऱ्यापर्यंत शिफारस पोचली, की तुमचे म्हणणे?

आपल्याकडे दोन्ही धारा आजही वाहतात. टायरच्या आयातीवरील अँटी-डम्पिंग शुल्काच्या प्रकरणात सुनावणी एका अधिकाऱ्याने घेतली आणि अंतिम निष्कर्ष त्याच्या जागी आलेल्याने दिले. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने हे नैसर्गिक न्यायाविरुद्ध ठरवले. उलट २०१३च्या कलिंगा मायनिंग प्रकरणात, नुकसान दाखवल्याशिवाय केवळ एवढ्यावर निर्णय कोसळणार नाही, अशी भूमिका घेतली. म्हणून प्रकरण ‘निकालासाठी बंद’ असताना अधिकारी बदलून गेला, तर नव्या अधिकाऱ्याकडे फेरसुनावणीचा लेखी अर्ज लगेच द्यावा. निकाल हाती येईपर्यंत गप्प बसणाऱ्याची हरकत दुबळी पडते. निकाल मिळाल्यावर त्यावरची सही रोजनाम्यातल्या सुनावणीच्या तारखांशी ताडून पाहावी. तुमचा मुख्य मुद्दा आदेशात खोडूनही काढलेला नसेल आणि अहवालाची वाक्ये जशीच्या तशी उतरली असतील, तर तो अहवाल मागावा. अंतर्गत टिपणी आहे म्हणून नकार मिळाला, तर तो नकारही लेखी घ्यावा.

कृष्णा जिल्ह्याच्या बसमालकांचे पुढे काय झाले? दुसऱ्या फेरीत मुख्यमंत्र्यांनी स्वतः सुनावणी घेतली. बसमालक पुन्हा न्यायालयात गेले. सरकारचाच प्रमुख पंच कसा, असे त्यांनी विचारले. १९५९ साली न्यायालयाने उत्तर दिले की मंत्री हा सचिवासारखा खात्याचा भाग नव्हे, आणि योजना कायम केली. नियम जिंकला, बसमालक हरले.