रुग्णनौकेचे अभय आणि ते जाते कसे

रेडक्रॉसचे चिन्ह जहाजाला वाचविते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती पुरती खरी नाही. जहाजाचे रक्षण होते ते त्याच्या कामामुळे. चिन्ह हे त्या कामाची केवळ खूण होय. काम बदलले तर खूण निरर्थक ठरते. आणि काम बदलले नसताना शत्रूने नुसता तसा संशय घेतला तर? आमच्या मते सारा प्रश्न येथेच आहे, व तो समजण्यास पहिल्या महायुद्धातील दोन जहाजांची हकीकत पुरेशी आहे.

१९०७ च्या हेग येथील कराराने लष्करी रुग्णनौकांचे नियम घालून दिले होते. जहाज बाहेरून पांढरे रंगवावे, त्याभोवती सुमारे दीड मीटर रुंदीचा हिरवा पट्टा असावा, राष्ट्रध्वजाबरोबर पांढऱ्यावर तांबड्या क्रॉसचे निशाण असावे आणि जहाजाचे नाव शत्रूस आगाऊ कळवावे. या बदल्यात एक मोठी अट होती : शत्रूला वाटेल तेव्हा जहाज थांबवून झडती घेता येईल. ही अट म्हणजे या व्यवस्थेचा कणा होय. कारण लांबून पाहणाऱ्याला पांढऱ्या रंगाआड काय आहे ते कधीच कळत नाही.

ऑक्टोबर १९१४ मध्ये ब्रिटिशांनी उत्तर समुद्रात ‘ओफेलिया’ ही जर्मन रुग्णनौका पकडली. रंग, निशाण, नावाची सूचना, सारे यथास्थित होते. झडतीत मात्र इशारे देण्याची रंगीत दारूची नळकांडी हजारावर निघाली. रुग्णनौकेला रात्रीच्या इशाऱ्यासाठी अशी थोडी लागतील, हजार कशाला? त्यातच जहाज पकडले जात असताना सांकेतिक लिपीची पुस्तके व कागद समुद्रात फेकण्यात आले होते. ब्रिटिश न्यायालयाने १९१५ मध्ये निर्णय दिला, की हे जहाज टेहळणी व इशारे यांसाठी सज्ज होते. सबब ते जप्त. जहाज जर्मन आणि न्यायाधीश ब्रिटिश, तेव्हा निकालाकडे किंचित तिरक्या नजरेने पाहणाऱ्यास आम्ही दोष देणार नाही. पण क्रम पाहा : संशय, मग झडती, मग पुरावा, मग निर्णय. जहाजावरच्या कोणाचा जीव गेला नाही.

आता दुसरे जहाज. ‘लँडोव्हरी कॅसल’ ही कॅनडाच्या सेवेतील रुग्णनौका हॅलिफॅक्सहून लिव्हरपूलला रिकामी परत येत होती. २७ जून १९१८ च्या रात्री, आयर्लंडच्या नैर्ऋत्येस, दिवे लावून व प्रकाशित क्रॉस दाखवीत ती चालली असता ‘यू-८६’ या पाणबुडीचा कप्तान पात्सिग याने तिच्यावर पाणतीर सोडला. जहाज सुमारे दहा मिनिटांत बुडाले. बोटीवर २५८ माणसे होती; त्यांत चौदा परिचारिका.

जहाजावर आठ अमेरिकन वैमानिक अधिकारी आहेत, असा पात्सिगचा दावा होता. थांबवून झडती घेतली असती तर खरेखोटे कळले असते. त्याने आधी बुडविले आणि चौकशी मागाहून केली! पाणबुडी वर येऊन होड्यांपाशी आली. एका कॅनेडियन डॉक्टराला वर ओढून घेण्यात आले व तू वैमानिक आहेस, असा आरोप केला गेला. मी डॉक्टर आहे, असे त्याने सांगितले. जहाज बुडताना झालेला मोठा स्फोट दारूगोळ्याचा असावा, असे शत्रूने म्हणून पाहिले; तो बॉयलरचा होता, असे उत्तर मिळाले. पुरावा काहीच हाती लागला नाही. तेव्हा साक्षीदार नाहीसे करण्यासाठी होड्यांवर तोफ डागण्यात आली. एक होडी निसटली. तिच्यातले चोवीस जण तेवढे वाचले. परिचारिकांपैकी एकही नाही. पात्सिगने प्रकरण रोजनिशीत नोंदविले नाही, नकाशावर मार्गही खोटा दाखविला.

१९२१ साली लाइपझिगच्या जर्मन न्यायालयात खटला चालला. पात्सिग हाती लागला नाही. त्याचे दोन लेफ्टनंट, दिटमार व बोल्ट, उभे राहिले. आम्ही वरिष्ठांची आज्ञा पाळली, हा त्यांचा बचाव. त्याच वर्षी, त्याच न्यायालयात, ‘डोव्हर कॅसल’ बुडविणारा नॉयमान याच बचावावर सुटला होता, कारण त्याला नौदलखात्याचा हुकूमच होता. येथे मात्र जहाज जर्मनीने निषिद्ध ठरविलेल्या क्षेत्राबाहेर होते. आणि निराधार माणसांवर गोळे झाडणे बेकायदा आहे हे कोणाही खलाशाला ठाऊक असते, असे न्यायालयाने म्हटले. शिक्षा चार वर्षांची. ती भोगली मात्र गेली नाही. काही महिन्यांतच दोघेही तुरुंगातून निसटले.

१९४९ च्या जिनीव्हा कराराने हा क्रम लेखी बांधून टाकला. जहाज आपल्या सेवाकार्याबाहेर जाऊन शत्रूस अपायकारक कृत्य करील तरच अभय संपते, आणि तेही आधी इशारा देऊन, शक्य तेथे वाजवी मुदत देऊन, तो धुडकावला गेल्यावर. सुव्यवस्थेसाठी वा रुग्णांच्या रक्षणासाठी कर्मचाऱ्यांजवळ शस्त्रे असणे, किंवा जखमींची काढून घेतलेली हत्यारे बोटीवर सापडणे, हा अपराध मानलेला नाही. सांकेतिक भाषेला मात्र बंदी झाली. या बंदीची दुसरी बाजू १९८२ च्या फॉकलंड युद्धात दिसली : रुग्णनौकेशी उघड भाषेत बोलावे तर आपल्या आरमाराचा ठावठिकाणा शत्रूला कळतो. १९९४ मध्ये सान रेमो येथे तज्ज्ञांनी तयार केलेल्या नियमावलीत सांकेतिक यंत्रांची मुभा असावी असे सुचविले आहे; पण ती नियमावली म्हणजे करार नव्हे, आणि करारातील बंदीचे शब्द अजून तसेच आहेत.