निकितिन चौलहून पायी गेला की घोड्यावर?

‘मी पंढरपूरला गेलो होतो.’ सोलापुरात हे वाक्य कुणीही बोलतं आणि ते पुरेसं असतं. एसटीने गेलात की दिंडीबरोबर चालत, हे समोरच्याला हवं असेल तर तो विचारतो. रशियन शिकायला लागलो तेव्हा याच वाक्यावर मी अडकलो. रशियनमध्ये ‘गेलो’ म्हणण्याआधीच ठरवावं लागतं. पायी गेलो तर ‘इद्ती’ किंवा ‘खदीत’, वाहनाने किंवा घोड्यावर गेलो तर ‘येखत’ किंवा ‘येज़दित’.

प्रत्येक जोडीत दोन क्रियापदं का? पहिलं एका दिशेने चाललेल्या जाण्याचं, दुसरं जाऊन परत येण्याचं किंवा वारंवार जाण्याचं. म्हणजे पंढरपूरला जाऊन आलेल्या माणसाने ‘येज़दिल’ म्हटलं की तो गाडीने गेला होता आणि परतलाही, हे दोन्ही एका शब्दात कळतं. मराठीत आणताना अनुवादक सहसा साधं ‘गेलो’ लिहितो आणि गरज पडली तरच ‘गाडीने’ किंवा ‘चालत’ जोडतो. प्रत्येक वेळी जोडलं तर मराठी अवघडते.

हा नियम हाताशी घेऊन मी अफानासी निकितिनकडे गेलो आणि नियमच डळमळला.

निकितिन हा त्वेर शहराचा व्यापारी. १४७० च्या आसपास तो समुद्रमार्गे चौलला उतरला. तिथून पाली, जुन्नर आणि पुढे बहमनी राजधानी बिदर असा तो फिरला. त्याने वर्णन केलेली घोड्यांची मोठी जत्रा अभ्यासक आळंदची मानतात. हे आपल्या अक्कलकोटच्या पुढचं आळंद, ज्ञानेश्वरांची आळंदी नव्हे.

चौलहून पालीला आठ दिवस लागले, असं तो सांगतो. तिथे त्याने वापरलेलं क्रियापद आहे ‘पश्ली’, म्हणजे ‘निघालो’. आजच्या रशियन माणसाला त्यात पायी चालणं ऐकू येतं. मग मराठीत ‘आम्ही पायी निघालो’ लिहायचं का?

इथे दोन गोष्टी आडव्या येतात. एक म्हणजे निकितिनजवळ विकायला आणलेला घोडा होता. तो त्यावर बसला की लगाम धरून चालला, हे या क्रियापदातून कळत नाही. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. याच लेखनाच्या सुरुवातीला तो व्होल्गा नदीतून खाली जातो, तेव्हाही त्याचं क्रियापद ‘इद्ती’च्याच घरातलं आहे. नदीतून कुणी चालत जात नाही. म्हणजे पंधराव्या शतकातलं हे क्रियापद आजच्यापेक्षा ऐसपैस होतं, आपल्या ‘जाणे’च्या जवळचं. खलाशांच्या रशियनमध्ये आजही जहाज ‘इद्ती’च करतं. आजचं व्याकरण मागे नेऊन ‘पायी’ लिहिलं, तर मूळ लेखकाने न सांगितलेली गोष्ट आपण इतिहासात घुसडतो. पुढे कुणीतरी त्यावरून रशियन व्यापारी सह्याद्री पायी चढला, असंही लिहील.

निकितिनने खरंच काय सांगितलंय, हे क्रियापदाशेजारच्या शब्दात आहे. ‘सुखोम’ म्हणजे कोरड्याने, जमिनीवरून. बोट सोडून आता जमिनीची वाट धरली, एवढाच मुद्दा. यासाठी मराठीत तयार शब्द आहे: ‘खुष्कीने’. फारसी ‘खुश्क’, संस्कृत ‘शुष्क’, आपलं ‘सुका’ आणि रशियन ‘सुखोय’ ही एकाच मुळाची भावंडं आहेत. त्यामुळे ‘खुष्कीने निघालो’ हा अनुवाद अर्थाने अचूक आहे आणि घोड्याचा प्रश्न मुळात आहे तसाच उघडा ठेवतो.

शीर्षकाची अडचण वेगळी आहे. निकितिन आपल्या प्रवासाला तीन समुद्रांपलीकडचं ‘खझेनिये’ म्हणतो. शब्द ‘खदीत’वरून आलेला, पण त्यातही चालण्याचा हट्ट नाही. बाराव्या शतकाच्या सुरुवातीला मठाधिपती दानिईल जेरुसलेमला जाऊन आला, त्या वृत्तांतालाही हेच नाव आहे. म्हणजे शब्दाला तीर्थयात्रेचा वास आहे. निकितिन मात्र स्वतःच्या खझेनियेला पापी म्हणतो. घोडा विकायला निघालेला, धर्मग्रंथ हरवलेला, ईस्टर नेमकं कधी हे कळेना म्हणून कासावीस होणारा तो माणूस होता. इंग्रजीत यासाठी ट्रॅव्हल्स, व्हॉयेज, जर्नी असे शब्द वापरले गेले. त्यात भूगोल येतो, ही बोच येत नाही.

मला आधी ‘वारी’ सुचलं. पायी जाणं, परत येणं, भक्ती, सगळं त्यात आहे. पण वारी पुन्हा पुन्हा होते आणि तिच्यात विठ्ठल आपोआप येतो. निकितिन एकदाच आला. म्हणून मी ‘यात्रा’ निवडेन. ‘माझी पापी यात्रा’ म्हटलं की मराठी कानाला तो विरोध लगेच खटकतो, आणि तो खटकायलाच हवा.

एक गोष्ट मात्र कुठल्याच शब्दात मावत नाही. ‘खदीत’मध्ये परतणं गृहीत असतं. निकितिन काळा समुद्र ओलांडून परत निघाला खरा, पण त्वेरला पोहोचला नाही. स्मोलेन्स्कच्या अलीकडे वाटेतच तो वारला. मॉस्कोला पोहोचल्या त्या त्याच्या वह्या.