ठसा आणि त्यातील दोष

१९६४ साली न्यूयॉर्कच्या स्टेबल गॅलरीत अँडी वॉरहॉल याने लाकडी खोक्यांची रास मांडली. भांडी घासण्याच्या ‘ब्रिलो’ या मालाच्या पुठ्ठ्याच्या वेष्टनाची हुबेहूब नक्कल त्या खोक्यांवर छापलेली होती. मूळ वेष्टनाची रचना जेम्स हार्वे याची होती. हार्वे हा स्वतः अमूर्त शैलीत रंगवणारा चित्रकार. वेष्टने रेखाटणे हे त्याचे पोटाचे काम. नोकरी म्हणून त्याने जे केले ते दुसऱ्याच्या नावाने कलादालनात पोहोचले, आणि कला म्हणून त्याने जे केले ते आज थोड्यांनाच ठाऊक आहे. पॉप आर्टने जाहिरातीकडून उसने घेतले, असे आपण सहज म्हणतो. त्या उसनवारीत कोणाचे काय गेले आणि कोणाचे काय आले, हे या प्रसंगावरून ध्यानात येते. पॉप आर्टने उपभोगाच्या संस्कृतीचा गौरव केला की उपहास, या जुन्या वादाकडे वळताना हा व्यवहार नजरेसमोर असलेला बरा.

वॉरहॉल जाहिरातीच्या जगातूनच आलेला होता. १९५० च्या दशकात पादत्राणांच्या जाहिरातींसाठी रेखाटने करून त्याने नाव मिळवले होते. १९६२ साली लॉस एंजेलिसच्या फेरस गॅलरीत त्याने कॅम्पबेल सूपच्या डब्यांची ३२ चित्रे लावली. कंपनी त्या वेळी जितक्या चवींचे सूप विकत असे तितकीच चित्रे, आणि तीही वाण्याच्या दुकानातल्यासारखी अरुंद फळीवर ओळीने ठेवलेली. शेजारच्या एका कलाव्यापाऱ्याने खरे डबे खिडकीत रचून ‘आमच्याकडे स्वस्त मिळतील’ अशा अर्थाची थट्टा केली. मात्र ही चित्रे यंत्राने केलेली नव्हती. डब्याची बाह्यरेषा प्रक्षेपित करून गिरवलेली, तळाशी असलेली फुलांची नक्षी हाताने केलेल्या शिक्क्याने उमटवलेली. यंत्राचा आव आणून हातानेच केलेले हे काम होते.

त्याच वर्षी तो रेशमी जाळीच्या छपाईकडे वळला. छायाचित्र प्रकाशसंवेदी लेपाच्या साह्याने जाळीवर उतरवायचे, वर शाई ओतून रबरी पट्टीने ती दाबून ओढायची, की खालच्या कापडावर ठसा उमटतो. शाई कमी पडली तर चेहरा पुसट होतो. जास्त झाली तर डाग पडतो. ‘मेरिलिन डिप्टिक’ या चित्रात मेरिलिन मन्रोचा एकच चेहरा ५० वेळा उमटला आहे. डावीकडे तो भडक रंगांत आहे. उजवीकडे तो फक्त काळ्या शाईत आहे. एका रांगेत तो डागाळून बुजतो आणि कडेला जाता जाता जवळजवळ विरून जातो. कारखान्यातील तपासनीसाने असे ठसे रद्दीत टाकले असते. वॉरहॉलने ते ठेवले. जाहिरात आणि पॉप आर्ट यांच्यातील सीमारेषा मला येथे दिसते. जाहिरात आपल्या निर्मितीतील दोष लपवते, तर पॉप आर्ट तो तसाच राहू देते.

आता हाच प्रश्न आपल्या भूमीवर आणून पाहावा. येथे चित्राचे घाऊक उत्पादन पॉप आर्टच्या कितीतरी आधीचे आहे. राजा रविवर्मा यांनी मुंबईत १८९४ साली शिळाछापाचा छापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या मालकीचा झाला. त्या तंत्रात प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र दगड लागे. एकाच कागदावर एकेक रंग चढवताना दगड केसभर सरकला, तर देवीच्या ओठांचा तांबडा रंग ओठांबाहेर सांडे. अशी छाप सदोष ठरे. चांगल्या छापेवर रोगण चढवून तिला तैलचित्राची झाक दिली जाई. लक्ष्मी व सरस्वती अशा रीतीने घरोघरी पोहोचल्या, आणि मागोमाग साबणाच्या व बालान्नाच्या जाहिरातींवर व दिनदर्शिकांवरही. विलायती गिरण्यांच्या तागांवर चिकटवलेल्या चिठ्ठ्यांवर तर देवांची चित्रे सर्रास असत. अमेरिकेत चित्रकार मालाच्या वेष्टनाकडे गेला. आपल्याकडे देवाचे चित्र आधीच माल विकत होते, आणि विकत घेणारा त्याच चित्रापुढे उदबत्ती लावत होता.

त्यामुळे येथे उपहास करणे अवघड होते. सूपच्या डब्याची टिंगल केली तर कंपनीची टिंगल होते. दिनदर्शिकेतील लक्ष्मीची केली तर ती भिंतीवर लावणाऱ्या कारकुनाची होते. मुंबईत १९३४ साली जन्मलेले भूपेन खक्कर यांच्यापुढे हाच पेच उभा राहिला. ते सनदी लेखापाल होते; १९६२ मध्ये ते बडोद्याला गेले. १९६५ साली मुंबईच्या जहांगीर कलादालनात त्यांनी जी चित्रे मांडली, त्यांत बाजारातील देवचित्रांचे कापलेले तुकडे प्रत्यक्ष चिकटवलेले होते. पाश्चात्त्य पॉप आर्टचे वारे बडोद्यात पोहोचले होते, आणि या चित्रांत थट्टेचा सूर नाही असे म्हणता येणार नाही. सुशिक्षित अभिरुचीने हीन ठरवलेली छापील चित्रे त्यांनी कलादालनाच्या भिंतीवर नेली होती. त्या धक्क्याचा रोख देवापेक्षा त्या अभिरुचीकडे अधिक होता.

पुढे मात्र खक्करांनी कात्री खाली ठेवली. १९७२ च्या सुमारास त्यांनी शिंपी, साहाय्यक लेखापाल, घड्याळ दुरुस्त करणारा अशी माणसे रंगवली. ‘जनता वॉच रिपेअरिंग’ हे चित्राचे नाव म्हणजे दुकानाची पाटीच. येथे उसने घेतले ते छापील चित्र नव्हे, तर पाटी रंगवणाऱ्याचा हात: सपाट चटक रंग, अवघडलेली आकृती, किंचित चुकलेले यथादर्शन. आपल्या गावांतील जाहिरात तेव्हा मुख्यतः हातानेच रंगवली जात होती, म्हणून तिचे अनुकरण करताना खक्कर यंत्राकडे न जाता माणसाकडे गेले. त्याच वर्षीच्या आपल्या प्रदर्शनाच्या पुस्तिकेत त्यांनी स्वतःचीच छायाचित्रे दिली: कधी जेम्स बाँडच्या आवेशात, कधी दंतमंजनाच्या जाहिरातीतील हसऱ्या पुरुषाच्या. उपहास होता, पण त्याचे लक्ष्य ते स्वतः होते. दुकानदाराला त्यांनी एकटेपण दिले आणि त्याची प्रतिष्ठाही राखली.

या परंपरेतील कठोर वळण मुंबईच्या अतुल दोडिया यांच्या ‘महालक्ष्मी’ या २००२ मधील कृतीत येते. दुकानाच्या लोखंडी शटरवर दिनदर्शिकेतील लक्ष्मी रंगवलेली आहे. शटर वर सरकवले की आत गळफास घेतलेल्या तीन बहिणी दिसतात. हुंड्याच्या प्रश्नापायी कानपूरला घडलेल्या घटनेचा हा संदर्भ आहे. येथे पाहणाऱ्याला हसण्याची सोयच उरत नाही. संपत्तीची देवी आणि मुलीच्या लग्नाची किंमत यांच्यामध्ये केवळ एक पत्रा आहे.

गौरव की उपहास, या प्रश्नाचे एकच उत्तर म्हणूनच देता येत नाही. तरीही प्रत्येक कृतीपुढे एक कसोटी लावता येते: जाहिरातीने जे झाकले होते ते या चित्राने उघडे केले का? मेरिलिनचा विरणारा चेहरा, पाटीवरच्या माणसाचे अवघडलेपण आणि शटरमागचा अंधार या कसोटीला उतरतात. ब्रिलोच्या खोक्यांबाबत मात्र मन साशंक राहते. ते खोके पुढे स्वतःच महागडा माल झाले, आणि त्यांची रेषा ज्याने आखली तो हार्वे वेष्टनाच्या आतच राहिला.