तळटीप : नदी, ऋतू आणि प्रकाश

नवापूरची रंगावली पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आटते. इथल्या कवितेतला पूर म्हणून आधी पूरच असतो. त्यामागचा अर्थ शब्दांनी सिद्ध व्हावा लागतो. खानदेशातल्याच बालकवींच्या ‘औदुंबर’मध्ये हिरव्या कुरणांतून पांढरी पायवाट काळ्या डोहाकडे जाते. उजेडाकडून अंधाराकडचा हा प्रवास अनेकांना मृत्यूसूचक वाटतो, आणि रंगांचा क्रम त्याला आधारही देतो. मात्र पाण्यावरच्या काळिम्याला कवीने ‘गोड’ हे विशेषण जोडले आहे. मृत्यूचा अर्थ लावताना त्या एका विशेषणाचा उलगडा झालाच पाहिजे. ते वगळावे लागत असेल, तर अर्थ वाचकाने लादलेला आहे. कवीच्या अकाली निधनाचा (1918) दाखला इथे पुरावा ठरत नाही.